करवंदमाळाचं बारसं

मंजू, अगो ये, अशी पुढ्यात बस. तू बदलापुरात आणि मी सापगावात, हे मला ठाऊक आहे, पण समोर कुणी बसल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. बसलीस ना? मग आधी बोलणी खा. गणपतीला आलीस ती दीड दिवसाच्या गणपतीच्याही आधी परत गेलीस. त्यानंतर परवा फोन केलास, तोही न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून. मला वाटलं घरात चोर शिरला. चोर नव्हता, कागद होता. तुझ्या रियांशला शाळेतल्या कुणा बाईंनी तपासलं, कागद दिला, त्यावर दोन इंग्रजी अक्षरं लिहिली, आणि तू तो कागद कपाटात पैठणीच्या घडीत लपवलास. वर मला म्हणतेस, "आत्या, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नको. वनीआत्याला तर मुळीच नको." मला हसू फुटलं, तर तुला वाटलं नेटवर्क गेलं.

का हसले ते सांगते. मला सगळ्या जगात मावशी म्हणतात, कारण शाळेत फरशी पुसणाऱ्या बाईचं नाव मावशीच असतं, मग ती कुणाची आत्या असो नाहीतर आजी. दहावी नापास आहे, शुद्धलेखनाची खात्री देत नाही. पण ती काळजी करू नको, कारण लिहून झालं की हे तुझी वनीआत्या तपासणार आहे. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही ताई, चुका मी काढते." हे वाक्य लक्षात ठेव, पुढं कामाला येईल.

तू तेव्हा पाळण्यात होतीस. घरात आई, बाबा, दादा, वहिनी, मी, वनी आणि तू. बाबा सकाळी डबा घेऊन कंपनीत जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, त्यामुळं घर आईच्या जिभेवर चालायचं. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं भाताची गिरणी. तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरची पितळी भांडी थरथरायची, आणि भाकरी थापताना आईचा हात त्याच तालात पडायचा. गिरणी बंद असली तर आईच्या भाकऱ्या जाड व्हायच्या, हे मी पैजेवर सांगेन. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, आणि सुगी झाली की नव्या तांदळाच्या पेजेचा वास. वनी बारा वर्षांची होती. ती ओसरीत बसून डोळे मिटून सांगायची, "आता कोलम पडतोय. आता जाडा आला. आता पट्टा सैल झालाय, तुटंल बघ." आणि तुटायचा. गिरणीवाला तिला विचारून पट्टा बदलायचा.

पण हीच वनी पुस्तक उघडलं की वेगळी पोर व्हायची. ब आणि व, घ आणि ध, तिच्या डोळ्यांपुढं जागा बदलायचे. कालचं अक्षर आज ओळख देईना. गावच्या शाळेत ती दुसरीच्या वर्गात इतकी वर्षं बसली की बाक तिच्या मापाचा झाला. मास्तर वाईट नव्हते, कंटाळलेले होते. एवढ्या मोठ्या बाराखडीतून त्यांना तिच्यासाठी एकच अक्षर सापडलं, ढ. ज्या पोरीला अक्षरं कळत नव्हती तिला त्यांनी अक्षरानंच हाक मारली, आणि गंमत म्हणजे तेवढं एक अक्षर तिला बरोबर ओळखता यायचं. मग तिनं शाळेत जायचं सोडलं. मला दोन वर्षं बघायला पाहुणे येत होते, तेव्हा आई वनीला हातात टोपली देऊन करवंदमाळावर पाठवायची. "एक तासानं ये गो," म्हणायची. पाहुण्यांनी विचारलं, धाकटी कुठाय, तर आई सांगायची, "मामाकडं गेली." आमच्या मामांकडं वनी त्या दोन वर्षांत आईच्या तोंडून कितीतरी वेळा गेली, खरी एकदाही गेली नाही.

करवंदमाळ म्हणजे गावाबाहेरचा तो उंचवटा. तिथं अण्णांचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. अण्णा म्हणजे तालुक्यातले मोठे माणूस, वीटभट्ट्या, दोन ट्रक, आणि कुठल्याही समितीचं अध्यक्षपद रिकामं असेल तर त्यांना रात्री झोप लागत नसे. त्या गोदामात नलिनीबाई आल्या. कल्याणच्या, तिशीच्या, पायात रबरी चपला, खांद्याला शबनम. जी मुलं नेहमीच्या शाळेत टिकत नाहीत त्यांना शिकवायचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं होतं. तसली शाळा शहरात होती, आमच्या शहापूर-मुरबाडात नव्हती. अण्णांनी गोदाम दिलं, ट्रस्ट काढला, आणि मदतनीस म्हणून मला ठेवलं. आई कबूल झाली, कारण मला शाळेत नोकरी म्हणजे स्थळाला सांगायला बरं. कसली शाळा ते सांगायचं नाही, एवढंच ठरलं.

मग नावाची सभा भरली. मंजू, त्या सभेला मी चहा द्यायला होते म्हणून पूर्ण ऐकली. आजही टीव्हीवर मोठमोठी माणसं भांडताना पाहिली की मला ती सभा आठवते. अण्णा म्हणाले, "नावात चर्चा कसली? कैलासवासी मातोश्री पार्वतीबाई." सेवानिवृत्त गुरुजी होते, ते म्हणाले, "पार्वतीबाई ठीक, पण पुढं काहीतरी विकास हवा. प्रज्ञाविकास." तिसरे ट्रस्टी दुकानदार होते, ते म्हणाले, "केंद्र पायजे. केंद्र असलं की अनुदान लवकर येतं." कार्यालयातून अर्ज आणून देणारा एक कारकून फुकटचा चहा प्यायला बसला होता. त्यानं बशीतून घोट घेत सांगितलं, "मतिमंद हा शब्द नावात लागतोच. नाहीतर फाईल हलत नाही." नलिनीबाई म्हणाल्या, "अहो, सगळी मुलं तशी नाहीत. काहींची समज हळू वाढते, काहींची समज चोख असते, फक्त वाचन-लेखन अडतं. दोघांना एकच शब्द कसा लावायचा? आणि लावायचाच तर दारावर कशाला?" कारकून म्हणाला, "बाई, दोन शब्द लावायला दोन फायली कराव्या लागतील." यावर सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. पत्र्यावर पेंटरनं लिहिलं: कै. मातोश्री पार्वतीबाई प्रज्ञाविकास केंद्र संचलित मतिमंद मुलांची विशेष शाळा, करवंदमाळ, सापगाव. पत्रा संपत आला म्हणून सापगाव बारीक अक्षरात. मतिमंद मात्र लाल रंगात, कारण पेंटरला वाटलं तोच माल आहे.

उद्घाटनाला पेढे आले, फेटे आले, पोरं आली दोन. एक अनाथाश्रमातून पाठवलेलं आणि एक अण्णांच्या ट्रक ड्रायव्हरचं, म्हणजे त्यालाही ना म्हणायची सोय नव्हती. बाकीच्या आया यायच्या, मी दारातून बघायची. पोराचं बोट धरून चढ चढायच्या, बोर्ड दिसला की पदर सारखा करायच्या आणि तशाच पुढं निघून जायच्या, जणू काही वाळलेल्या काटक्या वेचायला आल्या होत्या. त्या महिन्यात करवंदमाळावरच्या सगळ्या काटक्या संपल्या.

नलिनीबाई मला घेऊन दारोदार निघाल्या. सापगाव, शहापूर, पलीकडं मुरबाडच्या वाटेवरची गावं. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून एका दारात विचारलं, "तुमच्याकडं मतिमंद मूल हाय का?" आतून आवाज आला, "तुझ्या घरात बघ." आणि मंजू, ते काही खोटं नव्हतं, आमच्या घराबद्दल गावाचं तेच मत होतं. बाईंनी मला बांधावर बसवून शिकवलं. असं विचारायचंच नाही. आधी पाणी मागायचं. मग विचारायचं, घरात कुणी शाळेत न रमलेलं लेकरू आहे का. असेल तर त्याला काय येत नाही हे नाही विचारायचं, काय येतं ते विचारायचं. आणि नावाबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी तीस वर्षं पदराला बांधून ठेवलीय. "आपल्याकडं बाई घराबाहेर पडली की पहिला प्रश्न काय येतो?" मी म्हटलं, "कुठं चाललीस गो?" "त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जे नाव आईला भर बाजारात, न थांबता, मान खाली न घालता सांगता येईल, ते शाळेचं नाव. बाकीचं सगळं कागदाचं."

पण सभेला हे पटलं ते सभेच्या पद्धतीनं. गुरुजी म्हणाले, म्हणजे गोड नाव हवं! आठवडाभर विचार करून त्यांनी नाव आणलं, स्मितपुष्प. अण्णांनी नवा पत्रा घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याच पत्र्याच्या पाठीवर गुलाबी रंगात स्मितपुष्प लिहिलं, बाजूला एक हसणारं झेंडूचं फूल काढलं, आणि बोर्ड उलटा करून टांगला. बाई म्हणाल्या, "फूल तरी काढायला नको होतं." बरं, नावानं पोरं आली, खोटं कशाला बोलू, आठ-दहा आली. पण पंधरा दिवसांत बाजारात काय झालं? कुणाचं पोर सायकलवरून पडलं, कुणी सुट्टे मोजताना चुकलं, की दुसरा म्हणायचा, "काय रे स्मितपुष्पा!" बायका भांडताना एकमेकींना "जा की स्मितपुष्पात" म्हणायला लागल्या. गोड नावाचं असं असतं, साखर लावलेली गोळी आधी चाटली जाते आणि मग आतलं कडू लागतं. एवढं हसतमुख नाव कशाला लागलं, हे आमच्या माणसांना बरोब्बर कळलं. नेहमीच्या शाळेला कुणी फूल काढत नाही.

याच दिवसांत नलिनीबाई आमच्या घरी आल्या. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी वनीला गिरणीच्या ओट्यावर बघितलं होतं. आईनं पाटावर बसवलं, गुळाचा चहा केला, आणि तोंड घट्ट केलं. बाईंनी विचारलं, "काकू, हिला काय काय येतं?" आईनं पदराला हात पुसले. तिला पोरीबद्दल असा प्रश्न कुणी केलाच नव्हता. मग ती म्हणाली, "शेळीची व्यायची वेळ आली की आधी हिलाच कळतं." मग थोड्या वेळानं, "भात हातावर घेतला की किती ओला ते सांगती." मग आईचा बांधच फुटला. तासभर बोलली. चहा उतू गेला, चूल विझली, तू पाळण्यात रडून रडून झोपलीस, आणि वनी दाराआड उभी राहून स्वतःबद्दल ऐकत होती, जणू शेजारच्या कुणा हुशार मुलीची गोष्ट चाललीय. शेवटी आई म्हणाली, "सोमवारी आणते. पण नाव काय गो म्हणालात शाळेचं?" बाई म्हणाल्या, "सध्या स्मितपुष्प." आई म्हणाली, "फुलाचं हाय ना, मग चालंल. पण तो दुसरा शब्द माझ्या पोरीला लागता कामा नये. आज तो बोर्डावर, उद्या दाखल्यावर, परवा तिच्या लग्नात."

आणि शनिवारी निरोप आला, सोमवारी तपासणीला साहेब येणार. मान्यता त्यांच्या सहीवर होती, सही नाही तर शाळा नाही. कारकून धावत आला, "बोर्डावर तो शब्द दिसला नाय तर साहेब गेटावरून परत जातील!" अण्णांना लगेच युक्ती सुचली, मोठ्या माणसांना सुचते तशी. पत्र्याला दोन बाजू होत्याच. वर मधोमध एक फिरती लोखंडी कडी बसवली. साहेब आले की सरकारी बाजू, साहेब गेले की फुलाची बाजू. फिरवायचं काम माझं. पोस्ट: मदतनीस. काम: बोर्ड फिरवणे. नलिनीबाई अण्णांशी भांडल्या, पण अण्णा म्हणाले, "बाई, एक दिवसाचा प्रश्न हाय." जगातले सगळे घोटाळे एक दिवसाचेच असतात.

सोमवारी मी सकाळीच लाल बाजू पुढं केली. आईला आज येऊ नको असं सांगायला हवं होतं. पण ती येणार नाही असं मी मनाशी धरूनच चालले होते, कारण त्या दोन वर्षांत आईनं वनीला दिवसाउजेडी रस्त्यानं कधी नेलं नव्हतं. साहेब आले, वर्ग पाहिला, हजेरीपट पाहिला, बाहेर येऊन बोर्डाखाली उभे राहिले. त्याच वेळी चढावरून आई आली. नवं लुगडं, वनीच्या केसांना तेल, दोन वेण्या, हातात पाटी. आई चौथी शिकलेली, वाचायची ती एकेक अक्षर मोठ्यानं जोडून, पोथी वाचावी तशी. बोर्डापुढं थांबली. "कै... मा... तो... श्री..." सगळे थांबले. मी तिच्याकडं बघून डोळे मोठे करत होते. "म... ति..." आणि ती थांबली. तेवढ्यात वनीनं, तिला तर चित्रंच दिसायची आणि माळावर फिरताना तिनं झेंडू पाहिला होता, हात वर करून पत्रा सरकवला आणि म्हणाली, "आये, मागं फूल हाय बघ." पत्रा फिरला. साहेबांच्या तोंडासमोर झेंडू हसला.

आईनं आधी पाठ वाचली, मग हातानं पत्रा फिरवून पुढा वाचला. मग ती अण्णांकडं वळली. अण्णांशी मान वर करून बोलणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. "म्हणजे असं हाय का? पुढनं फूल दाखवायचं आणि मागनं तेच म्हणायचं. मग गाव काय वेगळं करतं, अण्णा? गावाला पत्रा लागत नाय एवढंच." तिनं वनीचा हात धरला आणि उतरणीला लागली. वनी मागं वळून पाटीवाल्या हातानं मला बाय करत होती. मला वाटलं, झालं. ही पोर आता आयुष्यभर मामाकडं जाणार.

साहेब मात्र कंटाळलेले नव्हते, ही आमची पुण्याई. त्यांनी विचारलं, "यातली खरी बाजू कुठली?" आणि लगेच पुढं, "नावात प्रवर्ग घालायला कुणी सांगितलं?" अण्णांनी कारकुनाकडं बघितलं, कारकुनानं गुरुजींकडं, गुरुजींनी झेंडूकडं. साहेबांनी अर्ज मागवला आणि बोट ठेवलं. पहिला रकाना, शाळेचे नाव. त्याच्या खाली वेगळा रकाना, प्रवर्ग. "हे दोन रकाने आहेत. नाव तुमचं, प्रवर्ग आमचा. प्रवर्ग फाईलीत राहू दे, तो तपासायला लागतो. तो पोराच्या दप्तरावर कशाला? एक नाव ठरवा. तेच बोर्डावर, तेच शिक्क्यावर, तेच दाखल्यावर. आणि पटावर मुलं वाढवा, एवढ्यावर मान्यता देता येत नाही. पुढच्या महिन्यात येतो." मंजू, तो अर्ज त्या सगळ्यांनी वाचला होता. त्यावर सह्या केल्या होत्या. तरी दोन रकाने कुणाला दिसले नव्हते. आता सांग, वाचनाची अडचण नक्की कुणाला होती?

त्या आठवड्यात माझी यमुनाआत्या आली. बाबांची बहीण, सिद्धगडाच्या पायथ्याला दिलेली. नाचणीचं पीठ आणि जीभ, दोन्ही घेऊन यायची. घरात सुतक पडल्यासारखं होतं. आई बोलत नव्हती, वनी जेवत नव्हती. आत्यानं सगळं ऐकलं, तंबाखूची मिसरी लावता लावता म्हणाली, "सभेत नाव ठेवलं? अगो, मेलं हसं झालं. नाव काय अध्यक्ष ठेवतो काय? नाव आत्या ठेवते. बारसं केलं का त्या शाळेचं?" मी म्हटलं, "शाळेचं कसलं बारसं?" "मग विहिरीची पूजा करता, ट्रकाला हार घालता, त्यांना काय कान असतात? कर बारसं. आणि पुरुष नको."

मी धावत नलिनीबाईंना सांगितलं. त्यांनी दोनदा पालकसभा बोलावली होती, दोन्ही वेळा आम्ही दोघीच. पालकसभेला कुणी येत नाही, तिथं चुका सांगतात. पण बारशाला ना म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि बारशाला घरातली सगळी पोरं न्यायचीच असतात, लपवून ठेवलेलीही. मी आणि आत्या घरोघर गेलो. "करवंदमाळावर बारसं हाय, शुक्रवारी." कुणाचं, असं विचारलं तर आत्या म्हणायची, "येऊन बघ गो, नाक कुणावर गेलंय ते."

पाळणा तुझाच नेला. तू असं भोकाड पसरलंस की वहिनी तुला घेऊन मागोमाग चढ चढली, म्हणजे त्या बारशाची पहिली पाहुणी तू. गोदामात रांगोळी काढली, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, पाळण्यात आधी वरवंटा फिरवला, मग शाळेचा हजेरीपट तुझ्याच झबल्यात गुंडाळून ठेवला. बायका आल्या, बापरे, किती आल्या! आणि त्यांच्या पदराआडून, पाठीमागून, काखेतून पोरं आली. गावात ही इतकी मुलं होती हे आम्हा एकमेकींनाच माहीत नव्हतं. एक बाई दुसरीला म्हणाली, "अगो, तुझापण?" आणि दुसरी म्हणाली, "मग तुला काय वाटलं, तुझ्या एकटीचाच?" दोघी आधी रडल्या, मग घुगऱ्यांत मीठ कमी आहे म्हणाल्या. आई शेवटी आली. वनीला घेऊन, पण दारातच बसली.

आत्यानं पाळण्याची दोरी धरली. "बायांनो, पोर सगळ्यांचं हाय, तर आत्यापण सगळ्या. बाजारात कुणी इचारलं, कुठं चाललीस गो, तर काय सांगाल? तेच नाव." एकीनं देवीचं नाव सांगितलं, दुसरी म्हणाली, मग लोक इचारतील नवस कसला? एकीनं उजेड म्हटलं, तर दारातून आईच म्हणाली, "म्हणजे आता अंधार हाय होय?" प्रकाश, आशा, किरण, सगळं झालं, आणि प्रत्येकाला कुणीतरी म्हणे, यात पण कीव हाय. नलिनीबाई प्रत्येक नाव फळ्यावर लिहून खोडत होत्या. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "अगो मी तर सांगते, शाळेत चाललोय. बास." खरं तेच होतं. त्यांना फुलं, दिवे काही नको होतं. शाळा हवी होती, दुसऱ्यांच्या पोरांना असते तशी.

तेव्हा वनी उठली. तिला वाटलं ह्या बायकांना एवढं साधं कसं समजत नाही. "आपल्या गावच्या शाळेला काय म्हंतात? सापगावची शाळा. शहापूरची ती शहापूरची शाळा. मग ही करवंदमाळाची. घरनं निघताना मी तर तेच सांगितलं, करवंदमाळावर चाललोय."

मंजू, त्या माळावर करवंदं तोडायला न गेलेलं माणूस त्या गोदामात, नलिनीबाई सोडल्या तर, एकही नव्हतं. सगळ्यांचे हात तिथल्या काट्यांनी ओरबाडलेले, सगळ्यांच्या जिभा तिथल्या चिकानं चिकटलेल्या. कुणाची गुरं तिथं, कुणाचं पहिलं भांडण तिथं. एक बाई म्हणून बघायला लागली, "कुठं चाललीस गो? करवंदमाळावर." दुसरीनं म्हटलं. हळूहळू सगळ्या म्हणायला लागल्या, आणि कुणाचीच मान खाली जाईना. यमुनाआत्या पाळण्यात वाकली, हजेरीपटाच्या कोपऱ्याशी तोंड नेलं आणि कुजबुजली, "करवंदमाळ शाळा." मी मोठ्यानं कुर्र केलं आणि रीतीप्रमाणं सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात जोराचा धपाटा आईचा होता. ती दारातून उठून पुढं कधी आली ते मला कळलंच नाही. मग तिनं पाळण्यातला पट बाहेर काढला, झबलं सोडलं आणि बाईंपुढं धरला. "लिवा. वनिता. आणि त्या रकान्यात काय लिवायचं ते तुमच्या फायलीत लिवा, तपासून, खरं काय ते. नाव मात्र हे."

सभेत गोंधळ झालाच. गुरुजी म्हणाले, "यात विकास कुठंय?" अण्णा म्हणाले, "यात आई कुठंय?" शेवटी अण्णांच्या आईचं नाव पाण्याच्या नव्या टाकीला दिलं. पोरं तहान लागली की सांगायची, "बाई, पार्वतीबाईकडं जाऊन येतो." अण्णांनी हे एकदा ऐकलं आणि टाकीपाशी उभे राहून बराच वेळ डोळे पुसत होते. पुढं टाकी कधीच कोरडी पडू दिली नाही. पुढच्या महिन्यात साहेब आले, पट मोजला, नव्या बोर्डाची मागची बाजूही बघितली. कोरी होती. सही केली.

टवाळी झालीच नाही असं नाही. कुणीतरी "काय रे करवंदमाळा" म्हणून बघितलं. पण त्याच्याच म्हशी करवंदमाळावर चरत होत्या, टवाळी टिकेना. बाईंनी वनीला वाळूत बोटानं अक्षरं गिरवायला लावली, खरखरीत कागदाची अक्षरं करून डोळे मिटून चाचपायला लावली. तिची समज चोख आहे, वाट वेगळी आहे, हे तपासून लिहूनही घेतलं. तेव्हा सरकारी फाईलीत असल्या पोरांना जागाच नव्हती, म्हणून तिच्यासारख्यांचा दुपारचा वेगळा वर्ग असायचा, पण बोर्ड तोच, दारही तेच. व आणि ब एका जागी बसायला तिला दोन पावसाळे लागले. पुढं ती गावच्या शाळेत परत गेली, उशिरा का होईना सातवी झाली. मुरबाडचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हा ती घरातच होती, मामाकडं नव्हती. त्यांनी विचारलं, मुलगी कुठं शिकली? आई म्हणाली, "करवंदमाळाला." पाहुणे म्हणाले, "अजून लागतात का हो करवंदं तिथं?" मग वनीनंच, चहाचे कप गोळा करता करता, सगळं खरं सांगून टाकलं, वाळू आणि खरखरीत कागदासकट. पाहुण्यांनी ऐकून घेतलं आणि परत करवंदांचंच विचारलं.

तर तुला हे माहीत नव्हतं ना? तुला वाटलं वनीआत्याची करवंदमाळ शाळा म्हणजे कुठलीतरी गावची शाळा. ते नाव इतकं चांगलं निघालं की घरातल्या पोरीलाही विचारावंसं वाटलं नाही. पुढं सरकारनं तो प्रवर्गाचा शब्द बदलला, मग परत बदलला. जुन्या फाईलीत खोडून खोडून तो रकाना विरलाय. त्याच्या वरच्या रकान्यात मात्र अजून पहिलीच शाई आहे. तुझ्या कागदावरची ती दोन इंग्रजी अक्षरं, एल आणि डी, वाचन-लेखन अडतं म्हणून लिहितात ती, खालच्या रकान्यातली आहेत, मंजू. ती खोटी नाहीत, त्यांना घाबरू नको, शाळेत दाखव, पोराला परीक्षेत जास्त वेळ मिळतो त्यानं. पैठणीला मात्र कसर लागेल, काढ तो बाहेर. आणि वनीला तूच फोन कर. ती हे तपासून झाल्यावर वाट बघत बसणार आहे. तिला विचारायचंय, रियांशला काय काय येतं.

वैशाख लागतोय, करवंदं काळी व्हायला आलीत. रविवारी ये. रियांशला घेऊन ये, जुने कपडे घालून आण, चिकाचे डाग जात नाहीत. वनी मुरबाडहून येतेच आहे. रस्त्यात कुणी विचारलं, कुठं चाललीस गो, तर सांग. आणि डबा मोठा आण.